स्टार मारला होता, तरी फोटो गेला कुठे?

मी आमच्या बचत गटाची सचिव आहे. घरात फोन एकच. त्याच्यावर माझे गट, मिस्टरांचे कापसाचे व्यापारी, पोराची शाळा, भावकीचा ग्रुप, असे पन्नासेक चॅट. सकाळी उठलं की ढीगभर गुड मॉर्निंग. कटकट नको म्हणून मी बरेच ग्रुप आर्काइव्ह केले, तर ग्रामसंघाच्या मीटिंगचा मेसेजच कळला नाही. बाया म्हणते, टाकला होता न. बँकेच्या पत्राचा फोटो महत्त्वाचा म्हणून स्टार मारून ठेवला होता. तीन महिन्यांनी पाहिला तं नुसता धुरकट, उघडतच नाही. स्टारचे मेसेज इतके झाले की त्याच्यातही काही सापडत नाही. चौथा चॅट पिन करायला गेली तर होत नाही. मी कुठं चुकली?
— एक सचिव, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

ताई, आधी फोटोचं बोलू, कारण त्यात उशीर करून चालणार नाही. ज्यांनी तो पाठवला त्यांना आजच फोन करा आणि त्यांच्याकडे असेल तर पुन्हा पाठवायला सांगा. ग्रुपवर आला असेल तर ज्या बाईने तेव्हाच तो उघडून पाहिला होता, तिच्या फोनमधूनही तो निघू शकतो. तुमच्या फोनवर त्या धुरकट चौकोनाला कितीही बोटं लावलीत तरी आता त्यातून काही निघेल असं वाटत नाही. असं का झालं ते कळलं की पुढचे कागद तरी हातचे जाणार नाहीत.

व्हॉट्सॲपवर फोटो येतो तेव्हा खरं तर दोन वस्तू येतात. एक म्हणजे छोटंसं धुरकट चित्र, ते मेसेजसोबतच पोचतं. दुसरा खरा फोटो, तो डाउनलोड झाल्यावरच फोनमध्ये उतरतो. टॉवर नीट मिळत नाही, दिवसाचा डेटा लवकर संपतो, म्हणून खेड्यात बऱ्याच जणांनी आपोआप डाउनलोड बंद ठेवलेलं असतं. मग फोटोवर खाली जाणारा बाण दिसतो आणि शेजारी केबी किंवा एमबीचा आकडा. तो बाण दाबेपर्यंत फोटो तुमच्या घरी आलेलाच नसतो. सर्व्हरवर तो काही दिवस तुमची वाट पाहतो, मग तिथूनही जातो. तुम्ही स्टार मारला तो मेसेजला. फोटो खाली उतरवायचं काम स्टार करत नाही, आणि सर्व्हरवरची मुदतही त्याने वाढत नाही.

दुसरी एक शक्यता आहे. फोटो तेव्हा उतरला होता, पण मधल्या काळात ‘स्टोरेज फुल’ आलं आणि घरातल्या कुणीतरी गॅलरीतून गुड मॉर्निंगचे फोटो सपासप उडवले. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲपचा फोटो म्हणजे `WhatsApp Images` या फोल्डरमधली फाइल. गॅलरीत तीच फाइल दिसते आणि चॅटमध्येही तीच. गॅलरीतून गेली की चॅटमध्ये फक्त धुरकट चित्र उरतं, आणि स्टार त्याच्यावर तसाच राहतो. दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर त्यावर एकदा बोट लावून काय म्हणतं ते वाचा. ही फाइल फोनच्या स्टोरेजमध्ये नाही असं म्हणत असेल, तर ती आधी होती आणि नंतर उडवली गेली. अशा वेळी गॅलरीतला `Trash` किंवा `Bin` पाहून घ्या. बऱ्याच फोनमध्ये उडवलेले फोटो महिनाभर तिथे पडून असतात. तुमचा तीन महिन्यांचा मामला आहे, पण साफसफाई अलीकडे झाली असेल तर तिथे मिळायला हरकत नाही.

इथून पुढे कागदाचा फोटो आला की आधी बाण दाबून तो उतरवा. उघडा, दोन बोटांनी मोठा करा आणि खालचा शिक्का, जावक क्रमांक, तारीख वाचता येते का ते पाहा. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं, त्यात बारीक अक्षर पुसट होतं. अक्षर फुटलेलं दिसलं तर बँक सखीला सांगा की हाच फोटो कॅमेरा-गॅलरीच्या रस्त्याने नको, कागदाच्या क्लिपच्या चिन्हातून `Document` निवडून पाठव. तसा पाठवला की तो जसाच्या तसा येतो. एवढं झालं की मगच स्टार मारा. आणि गटाच्या कामाचा कागद असेल तर गॅलरीत ‘गट कागद’ नावाचा वेगळा अल्बम करून त्यात कॉपी ठेवा. मूव्ह नाही, कॉपी. मूव्ह केलं तर फाइल व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधून निघून जाते आणि चॅटमधली जागा पुन्हा रिकामी. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा झेरॉक्सवाल्याकडून एक प्रिंट काढून गटाच्या फायलीत लावली तर सगळ्यात बरं. ऑडिट होतं ते त्या फायलीचं.

आता स्टारचं खरं काम. वहीत मोरपीस ठेवतो तशी ती खूण आहे. मेसेजवर बोट दाबून धरलं की वर पट्टी येते, तिच्यातल्या चांदणीला हात लावायचा. मेसेजच्या वेळेशेजारी बारीक चांदणी उमटते. ती फक्त तुम्हालाच दिसते, पाठवणाऱ्याला कळत नाही आणि ग्रुपमध्येही कुणाला नाही. सगळ्या चांदण्या एकत्र पाहायच्या तर चॅटच्या मुख्य पानावर उजवीकडचे तीन टिंब दाबा, तिथे `Starred messages` किंवा नुसतं `Starred` असं लिहिलेलं असेल.

तुम्ही अडकता ते इथेच. त्या यादीत पन्नास चॅटमधले स्टार एकमेकांत कालवलेले असतात: व्यापाऱ्याने दिलेला भाव, शाळेची फी, बँकेचं पत्र, भाचीच्या लग्नाची पत्रिका. त्या ढिगात शोधण्यापेक्षा ज्या चॅटमध्ये मेसेज आला होता ते चॅट उघडा आणि वरच्या नावावर बोट लावा. खाली सरकत गेलात की तिथेही `Starred messages` आहे, आणि तिथे फक्त त्या एका चॅटमधले स्टार दिसतात. ग्रामसंघाच्या ग्रुपमधले तुमचे स्टार आठ-दहाच असतील. आठ-दहातून पत्र सापडायला कितीसा वेळ लागतो? यादीतल्या मेसेजवर बोट लावलं की तो मूळ चॅटमध्ये जिथे आला होता तिथेच नेतो, म्हणजे त्याच्या आधी-नंतर काय बोलणं झालं होतं तेही हाती येतं. कोणत्या तारखेला कुणी काय कबूल केलं यावरून गटात वाद निघाला की याचा फार उपयोग होतो.

फोटो आणि व्हॉइस मेसेजची एक अडचण मात्र राहते. वरच्या शोधायच्या खान्यात ‘पासबुक’ लिहिलं तर फोटोतली अक्षरं त्याला वाचता येत नाहीत, आणि व्हॉइसमध्ये कोण काय बोललं तेही नाही. त्यासाठी एक सोपी सवय लावा. स्वतःच्याच नंबरचं चॅट उघडायचं. नवीन चॅटच्या चिन्हावर गेलात की संपर्कांच्या यादीत तुमचं स्वतःचं नाव दिसतं, खाली `Message yourself` लिहिलेलं असतं. कागदाचा फोटो तिथे फॉरवर्ड करा आणि खाली एक ओळ लिहा: ‘सीसी मंजुरी पत्र, सावित्री गट, बँक’. व्हॉइस असेल तर त्यातला मतलब एका ओळीत लिहा: ‘हप्ता दर १० तारखेला, अध्यक्षा बोलल्या’. सहा महिन्यांनी ‘सीसी’ किंवा ‘हप्ता’ एवढं लिहून शोधलं की ओळ सापडते आणि ओळीच्या वर फोटो असतोच. लिहिताना रोज एकच शब्द वापरा. एकदा ‘सीसी’, एकदा ‘कर्ज’, एकदा ‘लोन’ असं केलं की शोधही तीनदा घ्यावा लागतो. आणि फॉरवर्ड केलं म्हणून गॅलरीतली फाइल उडवायला मोकळीक मिळाली असं समजू नका. दोन्ही चॅट बऱ्याचदा एकाच फाइलकडे बोट दाखवत असतात.

स्टार असूनही मेसेज जातो अशा आणखी काही जागा आहेत. पाठवणाऱ्याने ‘सर्वांसाठी डिलीट’ केलं तर स्टारसकट तुमच्याकडचाही जातो. त्याला यासाठी सुमारे अडीच दिवस मिळतात, आणि ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याचा मेसेजही असा काढू शकतो. पैशाचा आकडा, भाव किंवा खाते क्रमांक यांसारख्या मेसेजच्या बाबतीत म्हणूनच तो त्याच दिवशी स्वतःच्या चॅटमध्ये ढकलणं बरं. तुम्ही फॉरवर्ड केलेली प्रत मूळ मेसेज काढल्याने जात नाही. दुसरं, चॅटमध्ये आपोआप नाहीसे होणारे मेसेज सुरू असतील, म्हणजे २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांचं घड्याळ लावलेलं असेल, तर वेळ भरली की स्टारचाही जातो. चॅटच्या वरच्या नावावर बोट लावून `Disappearing messages` समोर `Off` आहे का ते एकदा पाहून ठेवा. कुणी ‘एकदाच पाहा’ प्रकारचा फोटो पाठवला तर त्याला स्टारही लागत नाही आणि तो फॉरवर्डही होत नाही. तो साधा पाठवायला सांगा.

चॅट रिकामं करताना `Clear chat` दाबलं की छोटी चौकट येते. तिच्यात स्टारचे मेसेजही काढायचे का असं विचारलेलं असतं. त्याच्यापुढची टिक काढून ठेवली तर बाकीचा गाळ जातो आणि स्टार उरतात. फोन हलका करायचा हा खरंच चांगला मार्ग आहे. पण सबंध चॅटच `Delete` केलं तर स्टारही त्याच्यासोबत गेले. घाईत याच दोन शब्दांची गल्लत होते.

आता मीटिंगचा मेसेज. तुमच्या फोनमध्ये काही बिघाड नाही, आर्काइव्ह नेमकं तसंच वागलं. २०२१ पासून व्हॉट्सॲपने नियम असा केला की आर्काइव्ह केलेल्या चॅटमध्ये नवा मेसेज आला तरी ते चॅट आत झाकलेलंच राहतं आणि फोन वाजतही नाही. त्याआधी नवा मेसेज आला की चॅट उसळी मारून परत वर यायचं. ज्यांनी तेव्हापासून वापरलंय त्यांना वाटतं, काही महत्त्वाचं आलं तर दिसेलच. तसं दिसत नाही. फक्त कुणी @ लावून तुमचं नाव घेतलं किंवा तुमच्याच मेसेजला उत्तर दिलं, तर खबर येते. अध्यक्षांनी ‘उद्या ११ वाजता समाज मंदिरात’ असं साधं टाकलं, तर तुमच्या फोनवर सगळं शांत.

हा नियम बंद करता येतो. तीन टिंब, `Settings`, `Chats`, तिथे `Keep chats archived` असं बटन आहे. ते बंद केलं की पहिल्यासारखं, नवा मेसेज आला की चॅट बाहेर. आमचा सल्ला मात्र ते चालूच ठेवण्याचा आहे. बंद केलं तर सकाळी सहाला पहिलं गुड मॉर्निंग आलं की भावकीचा ग्रुप बाहेर येईल, आणि तुमची आर्काइव्ह करायची सगळी मेहनत फुकट जाईल. नियम बदलण्यापेक्षा आत काय ठेवायचं ते बदला.

त्यासाठी कसोटी एकच: हा ग्रुप आठ दिवस उघडला नाही तर कुणाचं काही अडेल का? अडणार नसेल तर खुशाल आर्काइव्ह करा. भावकी, जुने वर्गमित्र, सुविचारांचा ग्रुप, कुठल्याशा मेळाव्यात कुणी जोडून घेतलेला ग्रुप, सगळे आत. कापसाच्या भावाचा ग्रुपही आत चालतो, कारण परवाचा भाव आज कामाचा नसतो; मिस्टरांना पाहायचा असेल तेव्हा आत जाऊन ताजा तेवढा पाहतील. पण ज्या व्यापाऱ्याचा ‘उद्या गाडी पाठवतो, कापूस बांधून ठेवा’ असा मेसेज येतो, त्याचं चॅट आत गेलं तर मजूर लावलेले बसून राहतील. ग्रामसंघ, प्रभागसंघ, शाळा, बँक सखी यांना आर्काइव्हमध्ये जागा नाही, ते कितीही बडबडे असले तरी.

बडबड्या पण कामाच्या ग्रुपसाठी म्यूट आहे. बरेच जण म्यूट आणि आर्काइव्ह एकच समजतात. म्यूट केलेला ग्रुप आवाज करत नाही, पण यादीत डोळ्यासमोर राहतो आणि न वाचलेल्या मेसेजचा आकडा दाखवतो. ग्रुप उघडून तीन टिंबांत `Mute notifications` घेतलं की ८ तास, १ आठवडा किंवा कायम असं विचारतं. शाळेच्या ग्रुपला कायम म्यूट करा, संध्याकाळी एकदा उघडून पाहा. तिथे सर काय टाकतात ते पालकांच्या ‘ओके सर’खाली दबलेलं असतं, पण निदान ग्रुप नजरेआड होत नाही. ग्रामसंघाला मात्र आम्ही म्यूट करायला सांगणार नाही. त्याला वेगळी रिंगटोन लावा. ग्रुपच्या नावावर बोट लावून `Notifications` मध्ये गेलात की तो सूर निवडता येतो. मग चुलीपाशी असलात तरी कळतं की हा गुड मॉर्निंगचा नाही, मीटिंगचा आहे.

आधी आत टाकलेले ग्रुप बाहेर काढायचे तर चॅटच्या यादीत अगदी वर `Archived` अशी ओळ असते, ती उघडा. ग्रामसंघावर बोट दाबून धरा, वरच्या पट्टीत डबीचं चित्र येईल ज्यात बाण वर गेलेला असतो. तो दाबला की चॅट बाहेर. आत टाकताना हीच डबी, पण बाण खाली. काही चॅटला याच पट्टीत कचऱ्याच्या टोपलीचंही चित्र असतं, आणि उन्हात फोन पाहताना दोन्ही सारखीच दिसतात. चुकून टोपली दाबलीत तर फोन विचारतो, तिथे न वाचता ‘हो’ म्हणू नका. घरात फोन सगळ्यांचा आहे म्हणून हेही बोलून ठेवा की एकाने आर्काइव्ह केलं की ते दुसऱ्याच्याही नजरेआड जातं. एखादं चॅट गायब वाटलं तर घाबरायचं नाही. वरच्या शोधायच्या खान्यात नाव टाका, आर्काइव्हमधलंही सापडतं.

राहिला पिन. चौथा लागला नाही यात तुमची काही चूक नाही, व्हॉट्सॲपच्या साध्या वापरात तीनच चॅट वर बांधता येतात. चॅटवर बोट दाबून धरायचं, वर टाचणीचं चित्र येतं, ते दाबलं की झालं. कितीही मेसेज येवोत, ते चॅट यादीच्या माथ्यावरून हलत नाही. तीनच जागा आहेत म्हणून त्या कायमच्या कुणाच्या नावावर करू नका. पिन त्या चॅटला द्यायची, जिथून पुढच्या काही दिवसांत काही येणार आहे. स्वतःच्या चॅटला पिन लावायचा मोह होतो, पण तिथे बाहेरून काही येत नाही. काम पडलं की नाव टाकून उघडा. 

तुमच्या फोनचंच घेऊ. आमच्या मते एक जागा ग्रामसंघाला, दुसरी बँक सखीला, कारण कर्जाचा हप्ता आणि कागद दोन्ही तिच्याकडून फिरतात. तिसरी जागा हंगामाप्रमाणे फिरती ठेवा. वेचणी सुरू झाली की ती मिस्टरांच्या व्यापाऱ्याला, वावरातला कापूस संपला की ती मोकळी. जूनमध्ये पेरणीच्या तोंडाशी कृषी केंद्रवाल्याला, शाळेच्या प्रवेशाचं काही अडलं असेल तर त्या आठवड्यापुरती शाळेला. नव्याला जागा देताना जुन्यावर बोट दाबून धरलं की टाचणीवर काट मारलेली दिसते, ती दाबायची. पिन काढली म्हणून चॅटमधलं काही जात नाही.

तीन अपुऱ्या पडतातच, त्याला दुसरी सोय आहे. चॅटच्या यादीवर `All`, `Unread`, `Groups` अशा चपट्या गोळ्या दिसतात. त्याच ओळीत शेवटी अधिकची खूण असेल तर ती दाबून स्वतःची यादी करता येते. ‘गट’ नावाची एक, ‘कापूस’ नावाची एक. ‘गट’ दाबलं की तुमचेच ग्रुप दिसतात, ‘कापूस’ दाबलं की मिस्टरांचे. एका फोनवर दोघांचं काम असेल तिथे ही गोष्ट पिनपेक्षाही उपयोगी आहे, पण ॲप जुनं असेल तर दिसणार नाही. प्ले स्टोअरवरून अपडेट करून घ्या.

तुम्ही सचिव आहात म्हणून एक शेवटचं, आणि हे बायांसाठी. ग्रुपच्या आतही एखादा मेसेज पिन करता येतो. हा पिन वेगळा, तो सगळ्यांना दिसतो. ‘शुक्रवार ११ वाजता मीटिंग, पासबुक सोबत आणा’ हा मेसेज टाकून त्यावर बोट दाबून धरा, तीन टिंबांत `Pin` घ्या. २४ तास, ७ दिवस की ३० दिवस असं विचारेल. मीटिंगसाठी ७ दिवस पुरे. तो मेसेज ग्रुपच्या माथ्यावर पट्टीसारखा बसतो, खाली कितीही फुलं आणि हात जोडलेले फोटो आले तरी. एका ग्रुपमध्ये असे तीन मेसेज बसतात. पिन होत नसेल तर अध्यक्षांनी ग्रुपच्या सेटिंगमध्ये हे फक्त ॲडमिनना ठेवलेलं असेल, त्यांना सांगून तुम्हाला ॲडमिन करून घ्या. अर्थात ज्या बाईने ग्रुपच आर्काइव्ह करून ठेवलाय तिला पट्टी दिसणार ती ग्रुप उघडल्यावरच. अशा दोघी-तिघी प्रत्येक गटात असतात. त्यांच्यासाठी मेसेजमध्ये @ लावून त्यांची नावं टाका, म्हणजे आतूनही फोन वाजेल.

बँकेचं पत्र परत आलं की बाण दाबून उतरवा, शिक्का वाचून पाहा, ‘गट कागद’मध्ये कॉपी टाका आणि मग चांदणी. जुन्या धुरकट मेसेजवरची चांदणी तेवढी काढून टाका, नाहीतर पुढच्या वेळी घाईत पुन्हा तोच उघडाल.